खरा अपंग असेल, तर लपवतो कशाला?

बीडमध्ये नोकरीचा अर्ज लिहिताना कुणाच्या अपंगत्वाचा किंवा जुन्या आजाराचा विषय निघाला, की हे वाक्य हमखास कानावर येते. बोलणाऱ्याचा हेतू बहुतेक वेळा वाईट नसतो. त्याचे म्हणणे एवढेच की, बायोडाटाच्या वरच्याच भागात अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी लिहावी, प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडावी आणि मोकळे व्हावे. मधुमेह असो, फिट येत असो, किडनीचा त्रास असो की मानसिक आजाराची गोळी चालू असो, तेही सांगून टाकावे. ज्याला घ्यायचे तो घेईल, नाही तो नाही. आमच्या भागातल्या मुलामुलींचे अर्ज आणि बायोडाटे मी वरचेवर तपासून देतो. त्या कामात जे पाहिले त्यावरून सांगतो, हा सल्ला चुकीचा आहे आणि त्याचा भुर्दंड नेमका खऱ्या गरजूला बसतो.

या वाक्याला आपल्या जिल्ह्यात एवढी धार का आली, हे आधी पाहू. शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्यांमध्ये विशेष संवर्ग भाग 1 नावाचा गट असतो. दिव्यांग आणि गंभीर आजारी शिक्षकांना त्यात बदलीत प्राधान्य मिळते किंवा बदलीतून सूट मिळते. बीड जिल्हा परिषदेत या गटातल्या शिक्षकांची फेरतपासणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली. अनेकांची टक्केवारी जुन्या प्रमाणपत्रापेक्षा कमी भरली आणि 2023 च्या सुरुवातीला पन्नासहून अधिक शिक्षक निलंबित झाले. निलंबन म्हणजे दोषसिद्धी नव्हे, पण बातमी गावोगाव पोहोचली. पुढच्याच वर्षी पूजा खेडकर यांच्या अपंगत्व प्रमाणपत्राचे प्रकरण गाजले आणि 31 जुलै 2024 रोजी संघ लोकसेवा आयोगाने त्यांची उमेदवारी रद्द केली. तेव्हापासून प्रमाणपत्र हातात असलेल्या प्रत्येकाकडे लोक संशयाने बघू लागले आणि हे वाक्य सगळ्यांच्या तोंडी बसले.

माझा पहिला आक्षेप या तर्कालाच आहे. या दोन्ही प्रकरणांत अपंगत्व सांगितल्याने काही तरी पदरात पडत होते. कुठे सोयीची शाळा, कुठे निवडीतली सवलत. जिथे सांगण्यात फायदा आहे तिथेच खोटे सांगण्याचा मोह होतो, म्हणून तिथे तपासणी कडकच हवी. पण वाळूजच्या किंवा चाकणच्या एखाद्या खासगी कारखान्यात हिशेबनीस म्हणून अर्ज करणाऱ्या मुलीने बायोडाटावर ‘श्रवणदोष, 52 टक्के’ असे लिहिले, तर तिच्या पदरात काय पडते? तिथे आरक्षण नाही, वयाची सवलत नाही, शुल्कमाफी नाही. सांगण्यात फायदाच नसेल तर न सांगण्याला लबाडी म्हणायचे कसे? शिवाय आपल्या जिल्ह्यात संशय आला तो प्रमाणपत्रावरच. मग झेरॉक्स जोडल्याने कुणाचा कसला विश्वास बसणार आहे?

सांगण्याने नुकसान मात्र होते आणि ते मोजले गेले आहे. अमेरिकेत रटगर्स आणि सिरॅक्यूज विद्यापीठांच्या संशोधकांनी हिशेबनिसांच्या जागांसाठी काल्पनिक उमेदवारांचे सहा हजारांवर अर्ज पाठवले. पात्रता सारखीच ठेवली होती. काही अर्जांच्या पत्रात मणक्याच्या दुखापतीचा, काहींत अ‍ॅस्पर्गर सिंड्रोमचा उल्लेख केला आणि बाकीच्यांत काहीच लिहिले नाही. या दोन्ही अडचणींनी हिशेबाच्या कामात खोट येत नाही, म्हणूनच त्या निवडल्या होत्या. तरी उल्लेख असलेल्या अर्जांना 26 टक्के कमी प्रतिसाद मिळाला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट आपल्याला जास्त लागू पडते. ही तफावत प्रामुख्याने पंधराहून कमी कामगार असलेल्या खासगी आस्थापनांत दिसली, म्हणजे जिथे तिथला अपंगत्वाचा कायदा पोहोचत नाही तिथे. आपल्या मुलांना पहिली नोकरी कुठे मिळते? अडत दुकान, जिनिंग, खासगी रुग्णालयाचा काउंटर, पतसंस्था, दोन संगणकांचे कर सल्लागाराचे कार्यालय. सगळी छोटी ठिकाणे.

शरीराची माहिती मालकाच्या हाती गेली की तो काळजी घेईल, ही समजूत तर बीडमध्ये तरी कुणी बाळगू नये. ऊसतोडीच्या टोळीतल्या बाईचा पाळीच्या त्रासाने एक दिवस बुडाला तर मुकादम खाडा लावतो, म्हणजे मजुरी तर जातेच, वर दंडही कापतो. त्या जाचापोटी गर्भाशय काढून टाकण्यापर्यंत बायका गेल्याच्या बातम्या 2019 मध्ये देशभर गाजल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या सुमारे 82 हजार ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. ऊसतोडीला बायोडाटा लागत नाही हे खरे. पण कामगाराच्या दुखण्याची माहिती मालकाकडे पोहोचली की तिचे बहुतेकदा काय होते, हे ज्या जिल्ह्याने पाहिले आहे, तिथल्या माणसाने मुलाला ‘सगळे आधीच सांगून टाक’ असे म्हणावे, याचे मला वाईट वाटते.

आता कायद्याचे बघू, कारण सरकारी अर्ज, खासगी बायोडाटा आणि निवडीनंतरचा वैद्यकीय फॉर्म या तीन कागदांची या सल्ल्यात सरमिसळ होते. सरकारी भरतीच्या अर्जात दिव्यांग आरक्षण हवे असेल तर ते अर्जातच मागावे लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 च्या कलम 34 प्रमाणे किमान 4 टक्के जागा राखीव आहेत आणि त्यासाठी अपंगत्व किमान 40 टक्के हवे. लेखनिक हवा असेल, तासाला 20 मिनिटे जादा वेळ हवा असेल, तर तेही तिथेच नोंदवायचे. निकालानंतर ‘मी दिव्यांग होतो’ असे सांगून काही मिळत नाही. तिथे लाजेपोटी रकाना मोकळा सोडणारी मुले मी पाहिली आहेत आणि त्यांना मी रागावतो. टक्केवारीही प्रमाणपत्रावर असेल तीच लिहायची. 38 असेल तर 38. दिव्यांगांसाठीचा लाभ फसवणुकीने घेतला तर कलम 91 प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते.

खासगी नोकरीच्या बायोडाटाला यातले काहीच लागू नाही. तो निवेदन म्हणून द्यायचा कागद आहे: मला हे काम येते, इथे शिकलो, इथे केले. प्रकृतीची माहिती त्यात द्यावी, असे सांगणारा कायदा माझ्या पाहण्यात नाही. एचआयव्हीबाबत तर 2017 चा स्वतंत्र कायदा आहे. नोकरीची अट म्हणून ती तपासणी करायला लावणे त्याने बेकायदा ठरवले आहे. त्याच्या वीस वर्षे आधी, 1997 मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने एका रोजंदारी कामगाराच्या खटल्यात हाच मुद्दा सोडवला होता. तो एका सार्वजनिक कंपनीत काम करत होता, बाकी सगळ्या तपासण्यांत धडधाकट होता, पण रक्तात एचआयव्ही आढळला म्हणून त्याचे नाव यादीतून काढले होते. न्यायालयाने त्याला नाव जाहीर न करता दाद मागू दिली आणि सांगितले की, माणूस ते काम करू शकतो का आणि त्याच्यामुळे कामावर इतरांना खरोखर धोका आहे का, हे पाहा. नुसत्या निदानावरून त्याला घरी बसवता येणार नाही. मालकाने उमेदवाराला विचारायच्या प्रश्नाची मर्यादा यात नेमकी सांगितली आहे.

आपल्याकडच्या कायद्यातली उणीवही सांगतो. नोकरीतल्या भेदभावाला थेट मनाई करणारे दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाचे कलम 20 सरकारी आस्थापनांना बांधते. खासगी आस्थापनांना कलम 21 प्रमाणे समान संधी धोरण करावे लागते आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर ते तपशीलवार हवे. पण ‘तुझ्या अपंगत्वामुळे तुला बोलावले नाही’ हे खासगी मालकाविरुद्ध सिद्ध करणे जवळपास अशक्य असते, कारण त्याने बोलावलेलेच नसते. मुलाखतीनंतर नाकारले तर निदान विचारता तरी येते. शिवाय मधुमेह, किडनीचा विकार, दमा हे आजार त्या कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत नाहीतच. म्हणजे दीर्घ आजार असलेल्याला हे कवचही बहुधा नाही. त्याने बायोडाटावर आजार लिहिणे म्हणजे हाती काहीच नसताना पहिला वार स्वतःवर ओढवून घेणे.

तरी बायोडाटावर एक खोटे सर्रास लिहिले जाते आणि ‘लपवतो कशाला’ म्हणणाऱ्यांचे तिकडे लक्षच जात नाही. आपली बरीच मुले बायोडाटा डीटीपीच्या दुकानात करून घेतात. दुकानदार आधीच्या गिऱ्हाइकाची फाईल उघडतो, नाव, पत्ता, जन्मतारीख आणि मार्क बदलतो आणि प्रिंट काढतो. त्या फाईलमध्ये वडिलांचे नाव, वैवाहिक स्थिती, जात, धर्म, छंद यांच्या ओळीत ‘शारीरिक अपंगत्व: नाही’ किंवा ‘प्रकृती: उत्तम’ अशी एक ओळ वर्षानुवर्षे पडून असते. शेवटी ‘वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे’ हे प्रतिज्ञावजा वाक्य आणि त्याखाली सही. ज्या मुलाला खरोखर अपंगत्व आहे त्याने न वाचता सही केली, की त्याने लेखी खोटे दिले. आजाराबद्दल काही न लिहिणे आणि ‘नाही’ असे लिहून खाली सही करणे यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यावर कुणी बोट ठेवू शकत नाही. दुसरे मात्र नोकरी लागल्यावर बाहेर आले, तर मालकाला काढून टाकायला आयते कारण मिळते. ती ओळ ‘होय’ करायची की ‘नाही’, या घोळात पडूच नये. ती ओळच काढून टाकायला सांगावे. जात, धर्म आणि वैवाहिक स्थितीच्या ओळीही त्याच्याबरोबर जाऊ द्याव्यात.

आता एक उदाहरण नीट उलगडतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. गेवराई तालुक्यातली मुलगी, बी.कॉम., टॅली येते, जीएसटीची विवरणपत्रे भरायचा एका वर्षाचा अनुभव. दोन्ही कानांना यंत्र. समोर बसलेल्या माणसाचे बोलणे तिला समजते, पण अनोळखी आवाजाचा फोन आला तर निम्मे शब्द हरवतात. तिच्या पहिल्या बायोडाटावर नावाखालीच अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी होती, मागे यूडीआयडी कार्डाची झेरॉक्स. कुणीही बोलावले नाही. मग कुणी तरी सांगितले म्हणून तिने सगळेच पुसून टाकले. आता फोन येऊ लागले, पण ती फोनवर अडखळे, ‘पुन्हा बोला’ म्हणे, आणि पलीकडचा माणूस हिला काही येत नाही असे समजून फोन ठेवी. म्हणजे सगळे सांगूनही तिला संधी मिळाली नाही आणि सगळे झाकूनही नाही.

आम्ही मग एकच ओळ बदलली. मोबाईल नंबरापुढे लिहिले: ‘कृपया व्हॉट्सअ‍ॅप संदेश किंवा ईमेलवर संपर्क करावा.’ त्यात निदान नाही, टक्केवारी नाही. मालकाला त्या क्षणी जेवढे कळायला हवे तेवढे मात्र आहे. टॅली, जीएसटी आणि भरलेल्या विवरणपत्रांचे काम पहिल्या पानावर वर आणले. मुलाखतीचा संदेश आल्यावर तिने उत्तरात दोन वाक्ये लिहिली: ‘मी श्रवणयंत्र वापरते, समोरासमोर बोलणे मला नीट समजते. मुलाखत शांत खोलीत आणि एका वेळी एकाने बोलून घेतली तर बरे होईल.’ हे सांगण्याची वेळ हीच, कारण आता त्यांनी तिची कामे वाचलेली होती आणि बोलवायचे ठरवलेले होते. मुलाखतीत तिला विचारले, ‘पार्टीशी फोनवर कसे बोलणार?’ तिने उत्तर तयार ठेवले होते. वसुलीचे फोन दुसऱ्याने करावेत, बिले, ताळमेळ आणि पोर्टलचे काम ती करील, गिऱ्हाइकांशी लेखी बोलेल. मालकाला नेमणुकीचा निर्णय करायला हे पुरेसे होते. किती डेसिबल ऐकू येत नाही हे त्याला कधीच विचारावेसे वाटले नाही.

‘मालकाला तयारीला वेळ मिळायला हवा’ हा युक्तिवाद माझ्यासमोर नेहमी ठेवला जातो आणि त्यात तथ्य आहे. पण तयारी सोयीची करायची असते, निदानाची नाही. जिना चढता येत नसेल तर तळमजल्यावर मुलाखत हवी, एवढे सांगावे. डायलिसिस असेल तर आठवड्यातले ठराविक दिवस लवकर निघावे लागेल हे नेमणूकपत्र हाती येताना, रुजू होण्याच्या आधी सांगावे आणि तो वेळ कसा भरून काढणार तेही सांगावे. उपचारात एखादे वर्ष गेले असेल तर ‘2022-23: वैयक्तिक कारणाने खंड, सध्या पूर्णवेळ कामास उपलब्ध’ एवढी ओळ पुरते. रोगाचे नाव तिथे नको. बायोडाटा एका माणसाला दिला तरी नोकरीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांतून तो कुठल्या कुठे फिरतो, हेही लक्षात घ्यावे. म्हणून ज्या कंपन्या दिव्यांग उमेदवारच शोधत आहेत त्यांच्यासाठी वेगळी प्रत करावी. तीत ‘दिव्यांग, श्रवणदोष, यूडीआयडी कार्ड उपलब्ध’ असे स्पष्ट लिहावे, पण कार्डाचा क्रमांक लिहू नये.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींना उत्तर देणे भाग आहे. शिक्षक प्रकरणानंतर घाबरून काही जण सांगू लागले आहेत की, कुणालाच, कधीच काही सांगू नका. हेही मला मान्य नाही. निवड झाल्यावर वैद्यकीय फॉर्ममध्ये थेट प्रश्न विचारला असेल तर उत्तर खरेच द्यावे लागते. तो फॉर्म बहुधा डॉक्टरांकडे जातो आणि कामाशी संबंध असेल तर विचारण्याचा मालकाला हक्क आहे. काही कामांत तर आधीच सांगणे भाग आहे. फिट येणाऱ्या मुलाने चालकाच्या नोकरीचा अर्ज करूच नये. वाहन परवान्याच्या नमुना 1 मध्येच अपस्माराबद्दल थेट प्रश्न असतो आणि तिथे खोटे उत्तर दिले तर दोष मालकाचा नसतो. त्याच मुलाने हिशेबनीस किंवा संगणक चालक म्हणून अर्ज केला, तर बायोडाटावर अपस्माराचा उल्लेख असायचे काही कारण नाही. रुजू झाल्यावर शेजारी बसणाऱ्या एका सहकाऱ्याला मात्र त्याने सांगून ठेवावे: फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवू नका, पाच मिनिटांत थांबली नाही तर दवाखान्यात न्या.

आणि आपल्या जिल्ह्यातल्या महाविद्यालयांना, आयटीआयना, रोजगार मेळावे भरवणाऱ्यांना एक मागणी. मेळाव्यात वाटल्या जाणाऱ्या नोंदणी अर्जावर ‘अपंगत्व असल्यास प्रकार व टक्केवारी’ असा रकाना असतो आणि तो अर्ज भरल्या भरल्या सगळ्या कंपन्यांच्या टेबलांवर फिरतो. आरक्षणाच्या जागांसाठी ती माहिती लागत असेल तर त्याचा वेगळा कागद करा आणि तो ज्याला गरज आहे त्याच्याकडेच ठेवा. बाकी अर्जावर एवढाच प्रश्न छापा: मुलाखतीसाठी काही सोय हवी आहे का? असल्यास कोणती? आणि खाली उत्तरासाठी दोन रिकाम्या ओळी सोडा.